दार उघडलं की ऑटो होल्ड का सुटतो?

घाटात वाहनांची रांग लागलेली असते, गाडी चढावर उभी असते आणि ब्रेकवरचा पाय काढून चालक निवांत बसलेला असतो. डॅशबोर्डवर AUTO HOLD ही अक्षरं हिरवी दिसत असतात. पुढे काय झालंय ते पाहायला तो दार किलकिलं करतो आणि लगेच टुंग असा आवाज येतो. हिरवा दिवा जातो, मागच्या चाकांकडून बारीक घरघर ऐकू येते आणि लाल दिवा पेटतो. दार लावून तो पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, तर गाडी हलायला तयार नसते. मागून हॉर्न सुरू होतात आणि गाडीत काहीतरी बिघडलं, असं त्याला वाटतं.

बिघडलेलं काहीच नसतं. गाडी धरून ठेवायचं काम एका ब्रेककडून दुसऱ्याकडे गेलेलं असतं. दिव्याचा रंग बदलतो तो हेच सांगायला. गाडी या क्षणी कोणी धरली आहे, हे ज्याला दिव्यावरून कळतं त्याला ऑटो होल्ड कळला.

आधी तो नेमकं काय करतो ते पाहू. आपण ब्रेकचं पेडल दाबतो तेव्हा नळ्यांमधल्या ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि त्या दाबाने प्रत्येक चाकावरचे ब्रेक पॅड डिस्कला आवळतात. पेडल सोडलं की दाब उतरतो आणि चाकं मोकळी होतात. या नळ्यांच्या वाटेवर एबीएस आणि ईएससीचा डबा बसवलेला असतो. त्यात विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह आणि एक पंप असतो. गाडी घसरू लागली तर एकेका चाकाचा ब्रेक वेगवेगळा लावता यावा, हे त्यांचं मूळ काम. ऑटो होल्ड याच सामानातून उभा राहिला. गाडी पूर्ण थांबली की हे व्हॉल्व्ह वाट बंद करतात आणि पायाने तयार केलेला दाब आतच कोंडला जातो. मग आपण पाय काढला तरी चाकं आवळलेलीच राहतात. चाकांवरच्या सेन्सरना गाडी जराशी सरकल्याचं जाणवलं, तर पंप फिरून दाब वाढवतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॉल्व्ह उघडतात आणि गाडी निघते.

चढावर निघताना दोन-तीन सेकंद गाडी मागे येऊ न देणारी हिल होल्डची सोय वेगळी. ती ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नेण्यापुरतीच असते. ऑटो होल्ड मिनिटांच्या हिशेबात गाडी धरतो. पण तोही मिनिटांच्याच हिशेबात, तासांच्या नव्हे.

याचं कारण त्या व्हॉल्व्हमध्ये आहे. वाट बंद ठेवायची तर व्हॉल्व्हच्या गुंडाळीतून वीज सतत वाहावी लागते आणि वीज वाहिली की गुंडाळी तापते. वीज गेली तर व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. तो मुद्दामच तसा बनवलेला असतो, कारण ईएससी बंद पडलं तरी पायाचा साधा ब्रेक चाललाच पाहिजे. शिवाय कोंडलेला दाब हळूहळू थोडा झिरपतोही. म्हणजे ऑटो होल्डने धरलेली गाडी वीज आणि ऑइलचा दाब या दोघांच्या भरवशावर उभी असते. म्हणूनच कंपन्यांनी त्याला मुदत घालून दिली आहे. ह्युंदाईच्या मॅन्युअलमध्ये ही मुदत 10 मिनिटांची आहे, होंडाच्या मॅन्युअलमध्येही 10 मिनिटांचीच, तर टोयोटा साधारण 3 मिनिटं सांगते. मुदत संपली की गाडी स्वतःहून पार्किंग ब्रेक लावते.

हा पार्किंग ब्रेक म्हणजे दोन सीटच्या मधल्या खेचायच्या दांड्याच्या जागी आलेलं छोटं बटण. आतली यंत्रणा मात्र ऑटो होल्डपेक्षा अगदी वेगळी आहे. बहुतेक गाड्यांत मागच्या दोन चाकांच्या ब्रेकवर एकेक छोटी मोटर बसवलेली असते. ती एक आट्यांचा स्क्रू फिरवते आणि तो स्क्रू पॅड डिस्कवर दाबतो. ती घरघर याच मोटरची. स्क्रू आवळला की मोटर बंद होते. पंक्चर काढताना लावलेल्या जॅकचं हँडल सोडलं तरी गाडी खाली येत नाही, तसाच हा स्क्रू उलटा फिरत नाही. त्याला वीज लागत नाही आणि ऑइलचा दाबही लागत नाही. बॅटरी उतरली तरी तो आहे तिथेच राहतो.

मोटारींच्या ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत आखलेला आर 13-एच हा नियम नेमकी हीच गोष्ट मागतो. पार्किंग ब्रेकने गाडी चढावर वा उतारावर चालक गाडीत नसतानाही धरून ठेवली पाहिजे, आणि त्याचे आवळलेले भाग निव्वळ यांत्रिक साधनानेच अडकून राहिले पाहिजेत, असं तो सांगतो. चाचणीसाठी उतार धरला आहे 20 टक्क्यांचा, म्हणजे 5 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. या नियमात 'चालक गाडीत नसताना' ही अट आली आणि ब्रेकची वाटणी झाली. चालक जागेवर असेपर्यंत गाडी ऑइलच्या दाबाने धरलेली चालते. तो उतरला की तिथे स्क्रूच हवा.

हे लक्षात घेऊन आता दिव्यांकडे वळू. ह्युंदाई आणि किया यांच्या गाड्यांत AUTO HOLD ही अक्षरं तीन रंगांत दिसतात. पांढरी असतील तर सोय चालू आहे, पण गाडी अजून धरलेली नाही. हिरवी झाली तर ब्रेक धरलेला आहे आणि पाय काढायला हरकत नाही. पिवळी झाली तर सोयीतच बिघाड आहे, गाडी सर्व्हिस सेंटरला न्यायला हवी. तिन्हीपैकी काहीच दिसत नसेल तर बटण बंद आहे.

आता याच सवयीचा माणूस टोयोटात बसला तर पाहा. तिथे सोय चालू करून गाडी अजून धरलेली नसते तेव्हा दिवा हिरवा असतो, आणि ब्रेक प्रत्यक्ष धरला की HOLD ही अक्षरं पिवळी दिसतात. म्हणजे ह्युंदाईत जो रंग 'पाय काढा' म्हणतो, तोच टोयोटात 'अजून काढू नका' म्हणतो. ह्युंदाईतला बिघाडाचा पिवळा इथे सगळं ठीक असल्याची खूण ठरतो. होंडाने रंगांऐवजी शब्दांचा आधार घेतला आहे. सोय चालू असल्याचं BRAKE HOLD हा एक दिवा सांगतो आणि गाडी धरल्याचं HOLD हा दुसरा. फोक्सवॅगनमध्ये गाडी धरलेली असताना गोलातलं P हिरव्या रंगात दिसतं, आणि तेच चिन्ह लाल झालं की पार्किंग ब्रेक लागलेला असतो.

गाडीतल्या दिव्यांच्या रंगांना एक सर्वसाधारण शिस्त आहे. लाल म्हणजे धोका किंवा तातडीने लक्ष द्या, पिवळा म्हणजे सावध, हिरवा म्हणजे काम नीट चालू आहे, निळा फक्त हायबीमसाठी आणि उरलेल्या माहितीसाठी पांढरा. ह्युंदाईची मांडणी या शिस्तीत सरळ बसते. ऑटो होल्डसाठी मात्र सगळ्या कंपन्यांनी एकच मांडणी उचललेली नाही. त्यामुळे भाड्याची, मित्राची किंवा कंपनीची नवी गाडी हातात आली की मॅन्युअलमधलं हे एक पान तरी वाचूनच निघावं. आपल्या गाडीच्या रंगांवरून दुसऱ्या गाडीचा अंदाज बांधला तर ब्रेक लागलेला नसताना पाय उचलला जाऊ शकतो. ऑटोमॅटिक गाडी D मध्ये असेल तर ती सरळ पुढच्या गाडीकडे सरकते.

लाल दिव्याच्या बाबतीत मात्र असा घोळ नाही. कुठल्याही कंपनीची गाडी असो, पार्किंग ब्रेक लागला की लालच दिवा पेटतो. तो गोलातल्या P चा असेल, गोलातल्या उद्गारचिन्हाचा असेल किंवा BRAKE या शब्दाचा. गाडीतून उतरताना भरवसा ठेवायचा तो याच दिव्यावर.

मग दाराचा यात काय संबंध? चालक उतरणार आहे हे गाडीला कळावं, एवढाच. माणसाच्या मनातलं तिला कळत नाही, पण दाराच्या कुलपातला छोटा स्विच दार उघडल्याचं त्याच क्षणी सांगतो. उतरणाऱ्या माणसाला दार उघडावंच लागतं. आणि दार उघडून पाय जमिनीला टेकेपर्यंत क्षणभर तरी जातो. स्क्रू आवळायला मोटरला तेवढाच वेळ लागतो. म्हणून चालक खाली उतरण्याआधी गाडी यांत्रिक ब्रेकवर येऊ शकते. पट्टा सोडणं ही दुसरी खूण. टोयोटा दार आणि पट्टा दोन्ही पाहते. ह्युंदाईच्या मॅन्युअलमध्ये दाराबरोबर बॉनेटचा उल्लेख आहे, कारण ब्रेक ऑइलच्या दाबावर उभ्या असलेल्या गाडीपुढे वाकून कोणी बॉनेटमध्ये हात घालू नये. होंडाच्या मॅन्युअलमध्ये भर आहे तो पट्ट्यावर.

उतरताना माणसं किती सहज चुकतात, याचं मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. फियाट क्रायस्लर कंपनीच्या काही गाड्यांमध्ये ऑटोमॅटिक गिअरचा दांडा असा होता की कुठेही ढकलला तरी सोडल्यावर परत मधल्या जागी यायचा. गिअर P मध्ये पडला की नाही हे हाताला कळत नसे. लोक P मध्ये टाकलं असं समजून इंजिन चालू ठेवून उतरायचे आणि गाडी घरंगळायची. एप्रिल 2016 मध्ये कंपनीने जगभरातून 11 लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्यात जीप ग्रँड चेरोकीही होती. दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचण्याआधीच, 19 जून 2016 रोजी, लॉस एंजेलिसमध्ये अँटन येल्चिन या तरुण अभिनेत्याचा त्याच्या घराबाहेरच्या उतारावर मृत्यू झाला. त्याचीच ग्रँड चेरोकी मागे घरंगळत आली आणि ती गाडी व विटांचा खांब आणि कुंपण यांच्यामध्ये तो चिरडला गेला. कंपनीने या गाड्यांमध्ये जी दुरुस्ती केली ती सॉफ्टवेअरची होती. इंजिन चालू असताना चालकाचं दार उघडलं, पट्टा सुटला आणि ब्रेकवर पाय नसला, तर जवळजवळ थांबलेली गाडी स्वतःहून P मध्ये जाणार. या गाड्यांचा दोष गिअरचा होता, ऑटो होल्डचा नव्हे. पण 'चालक निघाला' हे ओळखायला शेवटी दार आणि पट्टाच कामी आला.

आता घाटातल्या त्या चालकाकडे परत जाऊ. गाडीचं वजन 1400 किलो धरू आणि चढ धरू 10 मीटरला 1 मीटरचा. अशा चढावर उभ्या गाडीला मागे ओढणारा जोर सुमारे 140 किलो वजनाच्या ओढीएवढा असतो. गिअर न्यूट्रलमध्ये असताना धरणारं कोणीच उरलं नाही, तर टायरची रोध-ओढ वजा केल्यावरही गाडी 3 सेकंदांत साधारण 4 मीटर मागे येते आणि तोवर तिचा वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास पोचतो. रांगेत मागची गाडी यापेक्षा जवळच असते. उघड्या दारात एक पाय बाहेर टाकलेल्या माणसाला तर तेवढ्यात पाय आत घेणंही जमत नाही.

म्हणून दार किलकिलं होताच गाडी काम स्क्रूकडे देते. टुंग आवाज, घरघर आणि लाल दिवा हा या देवघेवीचा क्रम. त्यानंतर गाडी हलत नाही याचं कारणही मॅन्युअलमध्ये आहे. ह्युंदाई सांगते की असा आपोआप लागलेला पार्किंग ब्रेक ब्रेक पेडल दाबून, आजूबाजूला पाहून, बटणाने हाताने सोडावा. एकदा दार उघडलं की गाडी चालकाकडून स्पष्ट कृती मागते. त्या वेळात कोणी खाली उतरून गाडीमागे उभं राहिलेलंही असू शकतं. म्हणून त्या चालकाने दार नीट लावून, ब्रेक दाबून, पार्किंग ब्रेकचं बटण वापरलं की लाल दिवा जातो आणि गाडी निघते. काही गाड्यांमध्ये पट्टा लावलेला आणि दार बंद असेल तर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरनेही हा ब्रेक सुटतो. आपल्या गाडीत काय होतं, ते घाटात अडकण्याआधी माहीत असलेलं बरं. सिग्नलला दार उघडून थुंकण्याची सवय असलेल्यांना हा अनुभव वारंवार येतो आणि ते गाडीलाच बोल लावतात.

हे सगळं मात्र एका अटीवर चालतं. दिवा 'धरलं आहे' असं सांगत असला पाहिजे. रांग पुढे सरकते तेव्हा चालक पेडल इतकं अलगद दाबतो की गाडी कशीबशी थांबते आणि ऑटो होल्ड लागत नाही. दिवा पांढराच राहतो, किंवा टोयोटात हिरवाच. असा दिवा असताना दार उघडलं तर सोपवायला ऑटो होल्डच्या हाती काहीच नसतं. पेडल जरा ठाम दाबलं की रंग बदलतो. तो बदलल्याशिवाय पाय उचलायचा नाही, एवढा नियम पुरे. रिव्हर्स घेताना, गाडी पार्क करताना आणि उतारावरून जाताना ऑटो होल्ड बंद ठेवावा, असं ह्युंदाईच्या मॅन्युअलमध्ये म्हटलं आहे. इंच-इंच सरकताना तो प्रत्येक थांब्यावर गाडी धरतो, सोडताना झटका बसतो आणि अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला जातो. अरुंद जागेत तेवढा झटका भिंत गाठायला पुरतो.

दुसरी अडचण माणसाने स्वतः तयार केलेली. पट्ट्याचा बीप बंद करायला बकलमध्ये खोचायची धातूची क्लिप बाजारात मिळायची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना ती विकायला मनाई केली, पण कित्येक गाड्यांत ती अजूनही खोचलेली दिसते. ही क्लिप अपघातात जीव धोक्यात घालते हे सर्वांना ठाऊक आहे. ऑटो होल्डच्या बाबतीत ती गाडीला खोटी माहितीही देते. पट्टा लावलेला आहे असंच गाडी समजते, आणि पट्ट्यावर भर देणाऱ्या गाडीत चालक उतरल्याची खूणच पुसली जाते.

कधी उलटंही होतं. बटण दाबूनही ऑटो होल्ड चालू होत नाही आणि लोक सर्व्हिस सेंटर गाठतात. तिथे जाण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. दार उघडं असल्याचं चिन्ह डॅशबोर्डवर दिसतंय का, पट्टा लावलेला आहे का आणि बॉनेट नीट बसलेलं आहे का. दार बंद असूनही उघडं असल्याचं चिन्ह जात नसेल किंवा आतला दिवा विझत नसेल, तर दोष ब्रेकमध्ये नसून दाराच्या कुलपातल्या स्विचमध्ये असतो. तो दुरुस्त करणं फार मोठं काम नव्हे. ऑटो होल्डच्या दिव्याबरोबर एबीएस किंवा ईएससीचा पिवळा दिवाही लागलेला असेल तर मात्र तो वेगळा मामला. दोघांचं सामान एकच असल्याने तिथे तपासणी टाळू नये.

आपल्या गाडीचं वागणं पाहायला सपाट, मोकळी जागा पुरते. आजूबाजूला कोणी नाही ना, हे आधी पाहावं. गाडी थांबवून ऑटो होल्ड लागल्याचा रंग येऊ द्यावा. पाय ब्रेकच्या अगदी वर ठेवून, पण पेडल न दाबता, दार जरासं उघडावं. लाल दिवा लागला आणि घरघर ऐकू आली, तर काम स्क्रूकडे गेलं. ते झालं नाही आणि गाडी सरकायला लागली, तर लगेच ब्रेक दाबावा आणि ती गाडी तपासायला न्यावी. पट्टा सोडूनही हाच प्रयोग करता येतो. मग आपल्या गाडीत चालक उतरल्याची खूण कोणती, हे समजतं.

पण हा प्रयोग यशस्वी झाला म्हणून ऑटो होल्डच्या भरवशावर उतरायचं नाही. दाराने काम सोपवणं ही विसरलेल्या माणसासाठी ठेवलेली शेवटची सोय आहे. रोज उतरताना क्रम जुनाच ठेवावा. ब्रेकवर पाय, गिअर P मध्ये, पार्किंग ब्रेकचं बटण, लाल दिव्याकडे एक नजर, इंजिन बंद, मग पट्टा आणि शेवटी दार.